टाकीच्या पाण्यातला क्लोरीन: पिवळा रंग आला, पण कितव्या सेकंदाला आला?

मेस, टिफिन, वडापाव सेंटर, ज्यूस बार किंवा घरगुती लोणच्या-मसाल्याचा व्यवसाय, तुमचं काहीही असू दे, पाणी टाकीतूनच येतं. नळाला पाणी सकाळी तासभर येतं आणि धंदा रात्री दहापर्यंत चालतो. म्हणजे दिवसभर तुम्ही जे वापरता ते साठवलेलं पाणी असतं. त्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे थेंबांच्या किटने कसं बघायचं ते व्हिडिओत करून दाखवलंय. इथे त्यातला एकच मुद्दा जरा नीट लिहितो, कारण व्हिडिओ बघून किट आणलेले बरेच जण तिथेच चुकतात. मुद्दा रंगाचा कमी आणि घड्याळाचा जास्त आहे.

आपल्याकडे सगळ्यात जास्त मिळणारं किट म्हणजे ओटीचं. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन नावाचं रसायन, आम्लात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत भरलेलं. गावातल्या ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी जी ‘ओटी टेस्ट’ करतो, ती हीच. डब्यात काचेची किंवा प्लास्टिकची छोटी नळी असते, तिच्यावर रेघ असते आणि सोबत पिवळ्या रंगाच्या छटांचं कार्ड किंवा ठोकळा असतो. रेघेपर्यंत पाणी घ्यायचं, किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाकायचे आणि रंग कार्डाशी जुळवायचा. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं.

इतकं सोपं आहे म्हणूनच लोक फसतात.

दोन प्रकारचा क्लोरीन, एकच पिवळा रंग

पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतो. पहिला मुक्त क्लोरीन. हा अजून कशाशीही जोडला गेलेला नसतो, मोकळा असतो, आणि जंतू मारायचं खरं काम हा करतो. दुसरा जोडलेला क्लोरीन. पाण्यात घाण असेल, विशेषतः पक्ष्यांची विष्ठा, सांडपाणी, कुजलेला पाला असं अमोनियावालं काही असेल, तर मुक्त क्लोरीन त्याला जाऊन चिकटतो आणि त्याचे क्लोरामाइन तयार होतात. यांच्यातही थोडी ताकद असते, पण फारच मंद. सकाळी टाकलं आणि दुपारच्या स्वयंपाकाला पाणी घेतलं, अशा हिशोबात त्यावर विसंबता येत नाही.

आता गंमत बघा. ओटीचे थेंब दोघांशीही पिवळा रंग देतात. फरक फक्त वेगाचा आहे. मुक्त क्लोरीन लगेच रंग देतो, थेंब पडले की पडले. जोडलेला क्लोरीन हळूहळू रंग देतो, त्याला काही मिनिटं लागतात. म्हणून नियम असा की थेंब टाकून हलवल्यावर दहा सेकंदांच्या आत जो रंग दिसेल तो मुक्त क्लोरीनचा समजायचा. पंधरा-वीस मिनिटांनी जो दिसेल तो दोघांचा मिळून. रोजच्या कामात मी पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा बघतो, कारण पंधरा मिनिटं नळीकडे बघत बसायला धंद्याच्या वेळेत कोणाला फुरसत आहे? पाच मिनिटांत फरक असला तर कळतो.

म्हणजे थेंब टाकले, मग गॅसवरचं दूध उतरवलं, फोन घेतला आणि येऊन रंग बघितला, तर तुम्ही वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर बघताय. रजिस्टरमध्ये मात्र ‘क्लोरीन ०.५’ असं छान लिहिलं जातं.

एका मेसची गोष्ट

आमच्या बॅचमधल्या एक ताई हॉस्टेलच्या साठेक मुलांना दोन वेळचं जेवण पुरवतात. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी. सकाळी नगरपालिकेचं पाणी येतं, कमी पडलं तर बोअरचं चढवतात. पावसाळ्यात एका आठवड्यात तीन मुलांना जुलाब-उलट्या झाल्या. वॉर्डनने पाण्याचं रेकॉर्ड मागितलं. ताईंनी लगेच वही दिली, रोजची नोंद होती, रोज ०.५. तरी वॉर्डनचं समाधान होईना. महिन्याअखेर कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण होतं, त्यामुळे ताईंचा जीव टांगणीला लागलेला.

“दादा, रोज पिवळं येतंय. पिवळं म्हणजे पाणी चांगलंच ना?” त्यांनी फोनवर विचारलं.

मी म्हटलं, “ताई, थेंब टाकल्यावर किती वेळाने बघता?”

“टाकते आणि कणीक मळायला घेते. मग बघते.”

दुसऱ्या दिवशी मी किट घेऊन गेलो. आम्ही तीन ठिकाणचं पाणी तपासलं आणि प्रत्येक ठिकाणी रंग दोनदा बघितला, दहा सेकंदांच्या आत एकदा आणि पाच मिनिटांनी एकदा.

आधी नगरपालिकेचा थेट नळ, टाकीत जायच्या आधीचा. दहा सेकंदांत फिकट पिवळा, कार्डावर ०.२ च्या घरात. पाच मिनिटांनी तेवढाच. म्हणजे येणारं पाणी ठीक होतं. क्लोरीन कमी असला तरी जो होता तो मुक्त होता.

मग बोअरचं पाणी. त्यात कोणी क्लोरीन टाकलेला नाही, म्हणून रंग यायलाच नको. आला नाही, पाच मिनिटांनीही नाही. ही तपासणी का केली ते सांगतो. पाण्यात लोह किंवा मँगनीज जास्त असेल तर ओटीला खोटा पिवळा रंग येऊ शकतो, नायट्राइटनेही येतो. क्लोरीन नसलेल्या पाण्यालाच पिवळा रंग आला, तर त्या पाण्यासाठी ओटीचं किट उपयोगाचं नाही. इथे ती शंका मिटली.

मग स्वयंपाकघरातला टाकीचा नळ. ताई रोज रात्री टाकीत एक चमचा टीसीएल पावडर कालवून टाकायच्या. तो चमचा काट्यावर ठेवला तर तीन ग्रॅम पावडर भरली. थेंब टाकले, हलवलं, दहा सेकंद. पाणी जवळजवळ पांढरंच, अगदी डोळे ताणून बघितलं तर पिवळसर झाक. ताईंचा चेहरा उतरला. पाच मिनिटांनी तीच नळी परत बघितली तर छान लिंबाच्या सालीसारखा पिवळा, कार्डावर ०.५. म्हणजे वहीतला आकडा खोटा नव्हता, पण तो मुक्त क्लोरीनचा आकडा नव्हता. टाकीत घातलेला क्लोरीन कशाला तरी चिकटून बसत होता.

येणारं पाणी बरोबर, बोअर बरोबर, म्हणजे दोष टाकीतच. गच्चीवर गेलो. झाकणाचा एक कोपरा तुटलेला, त्यावर वीट ठेवलेली. टाकीच्या कडेला कबुतरांचा रोजचा मुक्काम आणि आत तळाशी बोटभर गाळ. मुलांचं पोट याच पाण्याने बिघडलं असं मी म्हणणार नाही, ते थेंबांच्या किटवरून सिद्ध होत नाही. पण वॉर्डनला दाखवायच्या वहीत जे संरक्षण लिहिलं होतं ते पाण्यात नव्हतं, एवढं नक्की.

टाकी रिकामी करून घासून धुतली, नवीन झाकण बसवलं. मग भरून तोच तीन ग्रॅमचा चमचा टाकला आणि अर्धा तास थांबून टाकीच्या नळाचं पाणी घेतलं. दहा सेकंदांतच रंग ०.५ आणि १ च्या मध्ये. पाच मिनिटांनी तिथेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला पुन्हा बघितलं तर ०.२ च्या थोडं वर. पावडर तीच, टाकी तीच.

हिशोबही जुळतो बघा. टीसीएल पावडरमध्ये कामाचा क्लोरीन साधारण २५ टक्के धरला, तर तीन ग्रॅममध्ये पाऊण ग्रॅम क्लोरीन. हजार लिटरमध्ये तो लिटरला ०.७५ मिलिग्रॅम होतो. नळाच्या पाण्यातला ०.२ मिळवा, ०.९५ झाला. थोडा पाण्यातल्या आणि टाकीच्या भिंतीच्या उरल्यासुरल्या घाणीत खर्च झाला, बाकीचा नळीत दिसला. तुमच्या टाकीत असा हिशोब करून अपेक्षित आकडा काढा आणि नळीतला आकडा त्याच्याशी ताडून बघा. फार मोठी तूट असेल तर पावडर जुनी आहे किंवा टाकीत घाण आहे. टीसीएलचं पाकीट उघडं, दमट जागी राहिलं की त्याचा जोर उतरतो, हे लक्षात ठेवा.

इथे अनेकांना वाटतं की मग पावडरच वाढवू. अमोनियावाली घाण असताना तसं करू नका. क्लोरीन वाढवत नेला तर एका टप्प्यावर नळीतला रंग वाढायच्या ऐवजी कमी होतो, कारण नवीन क्लोरीन जुन्या क्लोरामाइनला मोडण्यात खर्च होतो. त्या टप्प्याच्या पुढे गेल्यावरच मुक्त क्लोरीन दिसायला लागतो. जलशुद्धीकरण केंद्रात हे मोजून करतात. गच्चीवर चमच्याने करायचं ते काम नाही. आपण टाकी धुवायची.

हातातली कृती

आता करायचं कसं. टाकीच्या वरून मग बुडवून पाणी घेऊ नका. ज्या नळाचं पाणी स्वयंपाकाला वापरता तोच नळ उघडा आणि दोन-तीन मिनिटं वाहू द्या, म्हणजे पाइपात अडकलेलं पाणी निघून जाईल. ते बादलीत धरून फरशीला वापरा, वाया कशाला घालवायचं? नळी त्याच पाण्याने तीनदा विसळा. आधीच्या तपासणीचा एखादा थेंब आत राहिला तरी आकडा बिघडतो. मग रेघेपर्यंत भरा. रेघ म्हणजे पाण्याची खालची वाकलेली कड रेघेवर, नळी डोळ्यांच्या पातळीवर धरून.

बाटली उभी, तोंड सरळ खाली धरून थेंब टाका. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. किती थेंब ते तुमच्या किटवर लिहिलंय तेवढेच, शेजारच्याच्या किटचा आकडा चालणार नाही, कारण नळीचा आकार वेगळा असतो. टोपण लावून दोन-तीनदा उलटंसुलटं करा. नळीच्या तोंडावर अंगठा लावून हलवायची सवय बहुतेकांना असते, ती सोडा. घामामुळे आणि बोटाला लागलेल्या पिठामुळे क्लोरीन खर्च होतो, आणि थेंबांतलं आम्ल बोटाला लागतं ते वेगळंच.

आणि इथून घड्याळ सुरू. मनात एक ते दहा मोजा आणि कार्डाशी जुळवा. पाठीमागे पांढरा कागद धरा. दिवसाच्या उजेडात बघा, पण थेट उन्हात नको. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली तर अजिबात बघू नका, तिथे साधं पाणीसुद्धा ०.२ वाटतं. दोन छटांच्या मध्ये रंग पडला तर ‘०.२ ते ०.५’ असंच लिहा. उगाच ०.३५ लिहून किटला नसलेली अचूकता चिकटवू नका. पाणी मुळातच गढूळ असेल तर दुसऱ्या नळीत थेंब न टाकलेलं तेच पाणी घ्या आणि कार्डाची छटा त्याच्यामागे धरून तुलना करा.

मग पाच मिनिटांनी दुसरं वाचन. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी. ताईंच्या वहीत आता अशी नोंद असते: ‘संध्या. ५, किचन नळ, १० से. ०.२ ते ०.५, ५ मि. तेवढाच, टाकी पाऊण.’ वॉर्डनने ही वही बघितली, दोन रकाने कशासाठी ते विचारून घेतलं आणि पुढच्या वर्षाच्या कागदावर सही केली.

रंगावरून काय ठरवायचं

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्लोरीन टाकलेल्या पाण्यात वापरणाऱ्याच्या नळाला मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असं दिलंय. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तिथे ०.५. वरची मर्यादा १. किटवर पीपीएम लिहिलेलं असेल तर गोंधळू नका, पाण्याच्या बाबतीत १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅमच.

माझा स्वतःचा पायंडा असा की पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने ०.५ च्या आसपास किंवा थोडं वर दिसावं आणि दिवसाच्या शेवटी, रात्रीच्या स्वयंपाकाच्या आधी, ०.२ च्या खाली जाऊ नये. संध्याकाळची तपासणी मी जास्त महत्त्वाची मानतो. सकाळी सगळ्यांचंच पाणी चांगलं असतं. काळी टाकी दिवसभर उन्हात तापते आणि तापलेल्या पाण्यातला क्लोरीन लवकर उडतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये सकाळी ०.५ असलेलं पाणी संध्याकाळी शून्यावर आलेलं दिसू शकतं.

नळी हळदीच्या पाण्यासारखी गडद झाली तर तुम्ही १ च्या वर आहात. ते पाणी स्वयंपाकाला घेऊ नका, टाकीत ताजं पाणी मिसळा किंवा काही तास थांबून पुन्हा तपासा. नारिंगी किंवा लालसर रंग आला तर क्लोरीन खूपच जास्त आहे, चमचा मोजण्यात काहीतरी चुकलंय किंवा पावडर नीट मिसळली नाही. पावडर थेट टाकीत कधीच ओतू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत घाला. हिरवट-निळसर रंग आला तर तो कार्डाशी जुळवत बसू नका. पाणी फार अल्कलीयुक्त असेल आणि थेंबांतलं आम्ल कमी पडलं तर असं होतं. थेंबांची बाटली जुनी नाही ना ते आधी बघा.

बाटली जिवंत आहे का हे तपासायची सोपी पद्धत आहे. पेलाभर पाण्यात टीसीएलचं निवळ पाणी दोन-चार थेंब घाला आणि त्याची टेस्ट घ्या. गडद पिवळा किंवा नारिंगी आलाच पाहिजे. आला नाही तर तुमचे आधीचे सगळे ‘शून्य’ संशयास्पद आहेत. बाटली उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, आतलं द्रावण मुळातच पिवळं दिसायला लागलं तर फेकून नवीन आणा.

या किटच्या मर्यादाही सांगतो. उन्हाळ्यात पाणी कोमट असतं, तेव्हा जोडलेला क्लोरीनही जरा लवकर रंग देतो, त्यामुळे दहा सेकंदांचा आकडा थोडा फुगू शकतो. पहिल्या तीन-चार सेकंदांत काय दिसतं तिकडे लक्ष ठेवा. ज्यांना मोठ्या ऑर्डर आहेत किंवा ज्यांच्या बोअरला लोह आहे, त्यांनी डीपीडीचं किट घ्यावं. त्यात गुलाबी रंग येतो आणि मुक्त क्लोरीन वेगळा मोजता येतो. महाग पडतं, पण वाद राहत नाही. फक्त त्यातही रंग लगेचच वाचायचा, आणि क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन उडून जातो आणि पाणी शून्य असल्यासारखं दिसतं. तसा संशय आला तर तेच पाणी क्लोरीन नसलेल्या पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा तपासा.

आरओच्या नळाला टेस्ट करून “सर, माझं शून्य येतंय” असे मेसेज मला नेहमी येतात. येणारच. आरओ मशीनमध्ये कार्बनचा फिल्टर असतो, तो क्लोरीन काढून टाकतो. ते किटचं किंवा टाकीचं अपयश नाही. पण त्याचा दुसरा अर्थही बघा, आरओचं पाणी स्टीलच्या पिंपात भरून ठेवलं की त्याला क्लोरीनचं काहीच कवच उरत नाही. ते त्या दिवशीच संपवा, पिंप रोज धुवा. क्लोरीनची टेस्ट मात्र फिल्टरच्या आधीच्या, टाकीच्या नळावर करा.

ओटी हे विषारी रसायन आहे, कर्करोगाशी संबंधित असल्याचा संशय असलेलं. म्हणून तपासलेलं पाणी पिऊ नका, भांड्यात ओतू नका, थेंब टाकीत तर चुकूनही नको. नळी मोरीत रिकामी करून धुवा, हात साबणाने धुवा, किट मसाल्यांच्या फळीवर न ठेवता वेगळ्या डब्यात, मुलांच्या हाताला येणार नाही असं ठेवा. आणि हे किट जंतू मोजत नाही, त्यामुळे लायसन्ससाठी लागणारा प्रयोगशाळेचा पाणी तपासणी अहवाल वेगळा काढावाच लागतो. त्यासाठी नमुना कसा भरायचा, बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक का लागते, ते पुढच्या व्हिडिओत.